दुभाष्यासोबत परिचय करून देताना कुठे थांबायचं?

«सूत्रसंचालकांसाठी टीप: सोबत दुभाषी असेल तर एकेक वाक्य बोला आणि थांबा. प्रत्येक शब्द सावकाश उच्चारा. सांकेतिक भाषेचा दुभाषी असला तरी हाच नियम. बाकी परिचय नेहमीसारखाच ठेवा.»

ही टीप पाळायला गेलं तर पहिली अडचण आपल्या परिचयांच्या घडणीतच आहे. समजा, पाहुण्या भूजलाच्या अभ्यासक आहेत. आपण सवयीने म्हणतो, ‘ज्यांनी गेली 22 वर्षं भूजलाचा अभ्यास केला, ज्यांच्या पाहणीमुळे 40 गावांतल्या विहिरींच्या पुनर्भरणाला दिशा मिळाली आणि ज्यांना नुकताच संशोधन पुरस्कार मिळाला, अशा आपल्या आजच्या पाहुण्या...’ व्याकरणाने हे एकच वाक्य. ते संपेपर्यंत थांबलं नाही, तर दुभाष्याला तीन गोष्टी आणि दोन आकडे डोक्यात धरून बसावं लागतं. मधेच ‘ज्यांनी’पाशी थांबलं, तर कोणाबद्दल चाललंय हेच त्याला कळलेलं नसतं.

म्हणून वाक्य मोजू नका, मजकुराचा तुकडा पाहा. एक गोष्ट पुरी सांगून झाली की थांबा, मग त्यात छोटी दोन-तीन वाक्यं आली तरी हरकत नाही. वरचाच परिचय असा होईल:

‘आजच्या आपल्या पाहुण्या भूजलाच्या अभ्यासक आहेत. गेली 22 वर्षं त्या हेच काम करताहेत.’ थांबा.

‘त्यांनी 40 गावांतल्या विहिरी पाहिल्या. कोणती विहीर कधी आटते, हे लिहून ठेवलं. पुनर्भरणाचे खड्डे कुठे खणायचे, ते त्या नोंदींवरून ठरलं.’ थांबा.

दुसऱ्या तुकड्यातली तिन्ही वाक्यं सुटी केली असती तर ‘त्या नोंदी’ कुठल्या, हा धागा दर थांब्याला तुटला असता. असा तुकडा दहा-पंधरा सेकंदांचा होतो. हातात वही घेऊन टिपणं काढणारा अनुभवी दुभाषी सलग काही मिनिटांचं बोलणंही पेलतो. पण तोवर ज्यांना आपली भाषा येत नाही ते श्रोते नुसते बसून राहतात. परिचयासाठी छोटा तुकडाच बरा.

सावकाश उच्चारण्याबद्दल माझं मत उलटं आहे. शब्द ओढत बोललं की वाक्य कुठे संपलं ते कळेनासं होतं. दुभाषी शब्दाला शब्द लावत नसतो, अर्थ पुरा व्हायची वाट बघत असतो. वेग नेहमीचाच ठेवा आणि तुकड्याच्या शेवटी आवाज खाली आणा. आवाज वर राहिला तर त्याला वाटतं अजून काही येतंय. तो गप्प, तुम्ही गप्प. मग दोघं एकदमच बोलायला लागता.

सांकेतिक भाषेचा नियम तर सरळ चुकीचा आहे. तिथला दुभाषी बहुधा तुमच्या बोलण्याबरोबरच, काही सेकंद मागे राहून हात चालवत असतो. दर वाक्याला थांबलात तर त्याचे हात लगेच रिकामे होतात आणि पुढच्या वाक्याचा संदर्भही त्याला मिळत नाही. तिथे थांबायच्या जागा वेगळ्या असतात. एखादं नाव आलं की ते बहुतेक वेळा बोटांनी एकेक अक्षर करून दाखवावं लागतं, त्याला वेळ लागतो. आकडे आणि संस्थांची नावं एकामागून एक आली तरी तसंच होतं. आणि पडद्यावर फोटो दाखवणार असाल तर आधी फोटो, मग गप्प, मग बोलणं. कर्णबधिर प्रेक्षकाला फोटो आणि दुभाष्याचे हात एकाच वेळी कसे पाहता येतील? हात खाली आले की पुढे चला.

राहिला ‘नेहमीसारखा’ परिचय. पाळीपाळीने बोलायचं तर मजकुराला जवळपास दुप्पट वेळ लागतो. दोन मिनिटं मिळाली असतील तर मजकूर एका मिनिटाचाच हवा. पुरस्कारांची यादी आधी कापा. यमक जुळवलेल्या चारोळ्याही (त्या मला एरवीही खपत नाहीत). उरलेला मजकूर, नावं आणि आकडे दुभाष्याला आधीच लिहून द्या, नावाचा उच्चार म्हणून दाखवा.

सगळ्यात जास्त घोटाळा शेवटच्या ओळीला होतो. आपण नाव घेतो, आपली भाषा कळणारे टाळ्या वाजवतात, पाहुण्या उठून चालायला लागतात, आणि दुभाष्याचं वाक्य त्या गडबडीत बुडतं. म्हणजे अर्ध्या सभागृहाला बोलायला कोण आलं, हेच कळत नाही. यावर उपाय आधीच ठरवून ठेवावा लागतो. नाव शेवटच्या तुकड्यात एकट्याने येऊ द्या, ‘आता आपल्यासमोर येताहेत...’ आणि नाव, बस्स. तुम्ही टाळ्या वाजवू नका, हात माइकवरच राहू द्या. पाहुण्यांनाही सांगून ठेवा की दुभाष्याच्या तोंडून नाव आल्यावरच उठायचं. दुभाष्याने नाव घेतलं की टाळ्या सुरू करा, आणि सभागृहात कर्णबधिर प्रेक्षक असतील तर दोन्ही हात वर करून हलवा, म्हणजे त्यांनाही त्या दिसतील.