कलीग परदेशात चाललाय? कविता करा, म्हणजे तो लवकर जाईल

टीममधला एक जण जर्मनीला चालला, शुक्रवारी सावजीत लंच आहे आणि ग्रुपवर कोणीतरी टाकलं की "तुम्ही मराठी मीडियमचे नं, दोन ओळी लिहून द्या." तर घाबरू नका. मी स्वतः हा पराक्रम केलेला आहे, त्यामुळे अनुभवाचे बोल सांगतो.

पहिली गोष्ट, ज्याच्यावर लिहायचं त्याच्याबद्दल काहीही आठवू नका. तो टपरीवरून "दोन मिनिटांत आलो" म्हणून तासाभरानं येतो, बिल्ड फुटलं की नेमका तेव्हाच गायब असतो, असल्या क्षुल्लक गोष्टीत कवीनं पडू नये. कवीनं आकाशाकडे पाहावं. मी पाहिलं, आणि हे आलं:

उंच भरारी घेशील,
यश चरणी लोळेल,
आठवण तुझी येता
डोळ्यांत पाणी तरळेल.

हिचा मोठा फायदा म्हणजे ही दहावीच्या निरोप समारंभाला चालते, रिटायरमेंटला चालते आणि नाव बदललं की सोसायटीच्या वॉचमनलाही चालते.

दुसरं, अक्षरं मोजू नका. अष्टाक्षरीत प्रत्येक ओळीत आठ अक्षरं लागतात, जोडाक्षर एकच धरायचं, एवढाच नियम, बोटांवर मोजता येतो. माझ्या पहिल्या तीन ओळी आठच्या आहेत, कशा काय देव जाणे, पण चौथीत नऊ झाली. कागदावर कोणाला कळत नाही हो, पण मोठ्यानं वाचताना "पाणी" म्हटल्यावर जीभ अडखळली आणि पाणी तरळायच्या ऐवजी सांडलं. वरून मी वाचत होतो मीटिंगमधल्यासारखं. बोलताना आपण "आठवण"चं "आठ्वण" करतो, म्हणजे एक अक्षर गिळतोच, मग मोजून लिहिलेली ओळही लंगडी ऐकू येते. जात्यावरच्या ओवीसारखं एकेक अक्षर सुटं म्हटलं की ताल सापडतो. पण तसं म्हणायला लाज वाटते, म्हणून सरळ गुळगुळीत वाचावं आणि लोक मोबाईल काढतात ते बघावं.

तिसरं, गावाचा अभिमान घुसवा. "संत्रा बर्फी घेऊन जा" अशी ओळ मी टाकली होती, आठ अक्षरांची, एकदम पक्की. तर गडी उठून म्हणतो कसा, "दादा, दुधाचं काही नेता येत नाही तिकडे, युरोपात बाहेरून दूध आणि मटण दोन्ही बंद आहे, नियम वाचून राहिलो मी आठवड्यापासून." ज्याच्यासाठी कविता त्यानंच दुरुस्ती सांगावी, याला म्हणतात रसिक.

पॅकेजचा आकडा यमकात बसवा, मॅनेजर समोर बसलाय नं, त्याला बरं वाटेल.

आणि वेळ! ऑर्डर गेली आणि ताटं यायची आहेत, ती दहा मिनिटं सगळे रिकामे असतात, तेव्हा चुकूनही वाचू नका. तर्री समोर आली, पहिला घास गेला, नाकातून पाणी, कपाळावर घाम, एक जण "पाणी दे बे" ओरडतोय, तेव्हा उभं राहा. डोळ्यांत पाणी तरळेल ही माझी एकमेव खरी ठरलेली ओळ, पण त्याचं श्रेय सावजी मसाल्याचं.

हे सगळं नीट पाळलं असतं तर लंच शांततेत पार पडलं असतं. पण आमच्याकडे टेस्टिंगला एक मुलगी आहे, वर्षभरात दहा वाक्यं बोलली असेल, तिनं जुन्या बिलाच्या मागे काहीतरी खरडलं होतं ते वाचलं, बसल्या बसल्या, सुटं सुटं:

दोन मिनिटांत आलो
म्हणे टपरीवरून,
बिल्ड फुटले की भाऊ
येतो तास घालवून.

साडेतीन तास मागे
त्याचं घड्याळ चालेल,
जर्मनीत गेल्यावर
लेट होणंही शोभेल.

टेबल हसून हसून पडलं. गडी आधी हसला, मग ताटात पाहत राहिला, मग म्हणाला जरा तिखट लागलं. हे पाहा, आकाश नाही, भरारी नाही, चरण नाही, आणि चक्क माहिती बरोबर. असं लिहायचं नसतं, माझ्यासारख्या कवींचं मार्केट खराब होते.

मी अर्थात चूक काढली. म्हटलं, ताई, साडेतीन तास उन्हाळ्यातच, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते लोक घड्याळ तासभर मागं घेतात, मग फरक साडेचारचा, तुझी कविता दिवाळीत एक्सपायर. तिनं रस्सा पुसत बोटांवर मोजलं आणि म्हणाली, "तीनच्या जागी चार घालाल नं दादा, अक्षरं आठच राहतात."