इंग्रजी बायोडेटावरून मराठी परिचय लिहिताना

व्याख्यानमालांचे दिवस आले की एक प्रकार हमखास घडतो. वक्त्यांचा परिचय इंग्रजीत येतो, तोही व्हॉट्सअ‍ॅपवर, कार्यक्रमाच्या आदल्या रात्री. ज्याच्यावर निवेदनाची जबाबदारी असते तो ओळीला ओळ लावून त्याचं मराठी करतो आणि दुसऱ्या दिवशी माईकवर वाचून दाखवतो. शब्द सगळे मराठी असतात, तरी सभागृहात मोबाइल बाहेर निघायला लागतात. असं का होतं आणि त्याचं काय करायचं, ते एका रचलेल्या उदाहरणावरून सांगतो. व्यक्ती काल्पनिक आहे, चुका मात्र दर आठवड्याला कुठे ना कुठे ऐकू येणाऱ्या.

शब्दशः केलेलं मराठी साधारण असं उतरतं:

"डॉ. अमुक या एक भूजलशास्त्रज्ञ आणि धोरण सल्लागार आहेत, ज्यांना जलक्षेत्रातील दोन दशकांहून अधिक काळाचा अनुभव आहे. त्या आयआयटी बॉम्बेमधून पीएच.डी. धारण करतात. त्यांनी माण आणि खटाव तालुक्यांतील १८ गावांमध्ये समुदाय-नेतृत्वित भूजल व्यवस्थापनाचे नेतृत्व केले आहे, ज्यामुळे ४०० हेक्टर क्षेत्र सिंचनाखाली आणले गेले. त्या विविध भागधारकांसोबत काम करतात आणि अनेक शासकीय समित्यांवर सेवा देतात. त्या तळागाळातील महिलांच्या सक्षमीकरणाबाबत उत्कट आहेत. त्या पुण्यात आपल्या पती आणि दोन मांजरींसोबत राहतात."

पहिल्याच वाक्यातला "एक" बघा. "या एक भूजलशास्त्रज्ञ आहेत." हा एक म्हणजे इंग्रजीतल्या 'अ'चं उरलेलं भूत. मराठीत आपण "ती डॉक्टर आहे" म्हणतो, "ती एक डॉक्टर आहे" म्हणत नाही. म्हटलंच तर पुढे "पण" येणार असं वाटतं. हा शब्द दिसेल तिथे खोडायचा, एवढ्यानेही इंग्रजीचा अर्धा वास जातो.

मग येतो "ज्यांना" आणि "ज्यामुळे". इंग्रजीत माणसाचं नाव घेऊन त्याला मागून माहितीचे डबे जोडता येतात. मराठीत "जो" आला की त्याला पुढे "तो" लागतो आणि "जो"चं वाक्य सहसा आधी येतं: "ज्या समित्यांत निर्णय ठरतात, त्यांतल्या काहींवर त्या आहेत." "ज्यांना" शेपटासारखं मागे लावलं की ऐकणारा "त्या"ची वाट बघत राहतो आणि त्या काही येत नाहीत. ह्यावर काही जण उपाय म्हणून सगळं विशेषणात कोंबतात: "माण-खटाव तालुक्यांतील दुष्काळग्रस्त गावांमधील भूजल व्यवस्थापनात महत्त्वाचे योगदान देणाऱ्या". हे तर त्याहून वाईट, कारण आपलं क्रियापद शेवटी असतं. ते येईपर्यंत श्रोत्याला सगळं डोक्यात धरून ठेवावं लागतं. कागदावर डोळा मागे जाऊ शकतो, कानाला ती सोय नाही. बारा-चौदा शब्दांत क्रियापद आलं नाही तर वाक्य तोडायचं. मोजायचं नसेल तर उभं राहून मोठ्याने वाचा. श्वास कमी पडला ती जागा तोडायची.

आता शब्दांकडे. "भागधारक" हा शब्द ऐकून सभागृहातल्या माणसाला शेअर बाजार आठवतो, कारण मराठीत भागधारक म्हणजे कंपनीचे शेअर असणारा. इथे ज्यांचा पाण्याशी संबंध आहे ते लोक अभिप्रेत आहेत, म्हणजे शेतकरी, ग्रामपंचायत, भूजल सर्वेक्षण यंत्रणेतले अधिकारी. नेमकं कोण ते विचारून तेच म्हणायचं. "तळागाळातील" हाही असाच फसवा. इंग्रजीतला ग्रासरूट्स म्हणजे गावपातळीवरचा, आपला तळागाळ म्हणजे समाजाच्या अगदी खालच्या थरातला. बागायतदार बायकांच्या बचत गटाला तळागाळातला म्हटलं तर त्या उठून विचारतील. "उत्कट आहेत" बद्दल काय बोलायचं? पॅशनेटला "तळमळ आहे" असं करता येतं, पण माझं मत असं की तो शब्द सरळ गाळावा. अठरा गावांतलं काम सांगितल्यावर तळमळ वेगळी सांगावी लागत नाही.

सगळ्यात मजेशीर वाक्य मधलं आहे. काम समुदायाच्या नेतृत्वाखाली झालं आणि त्याचं नेतृत्व बाईंनी केलं, म्हणजे एका बैलगाडीला दोन गाडीवान. इंग्रजीत ते खपून जातं, कारण लेड हा शब्द तिथे मिठासारखा वापरतात. मराठीत हा गुंता सोडवायचा तर प्रत्यक्षात काय झालं ते कळायला हवं, आणि ते बायोडेटात नसतं. म्हणून वक्त्यांना फोन करायचा. पाच मिनिटं पुरतात. "गावात तुम्ही नेमकं काय केलंत?" एवढं विचारलं की कळतं: बाईंनी शिकवलं, आणि विहिरींची पातळी गावकऱ्यांनीच मोजली, पाऊस किती पडला, किती मुरला, किती उपसा झाला ह्याचा हिशेब लावला, आणि त्यावरून रब्बीला काय पेरायचं ते ठरवलं. ह्याला गावात चांगला शब्द आहे, पाण्याचा ताळेबंद. हिवरेबाजारसारख्या गावांत तो दरवर्षी मांडतात. म्हणजे "समुदाय-नेतृत्वित भूजल व्यवस्थापन" ह्या तोंड वाकडं करणाऱ्या मालगाडीऐवजी "गावकरी स्वतः पाण्याचा ताळेबंद मांडायला लागले" हे वाक्य मिळतं. फोन केला नाही तर हे वाक्य लिहायचा अधिकार नाही. अंदाजाने छान वाक्य रचलं आणि वक्त्यांनी भाषणाची सुरुवातच दुरुस्तीने केली, तर गेलं.

त्याच फोनवर गावांची आणि माणसांची नावं विचारून घ्यायची. रोमन लिपीत ळ आणि ल, ण आणि न एकच दिसतात. काळे की काले, दाणी की दानी, हे अक्षरांवरून कळत नाही. माण तालुका तर इंग्रजीत एम-ए-एन असा येतो. घाईत भाषांतर करणाऱ्याने त्याचा "मॅन" केला, तर पुढची दहा मिनिटं हॉलमध्ये दुसरं काही होणार नाही.

आकडे. चारशे हेक्टर म्हटलं की डोळ्यांसमोर काही येत नाही. हेक्टरला साधारण अडीच एकर, म्हणजे हजारेक एकर. हे लगेच कळतं. खोली मीटरमध्ये असेल तर फुटांत सांगा, कारण बोअर फुटांतच मारतात, साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. मिलियनचे दहा लाख, बिलियनचे शंभर कोटी. इथे एक शून्य इकडचं तिकडे झालं तर संस्थेचं अख्खं बजेट बदलतं, तेव्हा कागदावर मांडूनच करा. आणि संहितेत आकडा अक्षरांत लिहा. ऐन माईकवर २०११ चं "दोन हजार अकरा" सहज होतं, पण १९६९ ला "एकोणीसशे एकोणसत्तर" म्हणताना भल्याभल्यांची जीभ अडखळते.

अजून एक सापळा. "सिंचनाखाली"चं सोपं करायला जाऊन कुणी "पाण्याखाली आली" असं लिहितं. हजार एकर पाण्याखाली आली म्हणजे धरणात बुडाली! बोलीतला शब्द ओलिताखाली.

मानाचा प्रश्न नाजूक आहे. इंग्रजी बायोडेटा दुसऱ्या वाक्यापासून नुसतं आडनाव घेतो, मराठीत ते उद्धट लागतं. आडनाव गोखले असेल तर "गोखले यांनी" हे वर्तमानपत्राचं, "गोखल्यांनी" जुन्या वळणाचं, "गोखलेंनी" आज जास्त ऐकू येतं. बाई असतील तर "मॅडमनी" किंवा "ताईंनी", जे त्या गावात चालतं ते. फक्त पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच ठेवा. "डॉक्टरांनी" मात्र इथे नको, लोक शेवटी गुडघ्याची गोळी विचारतात. आणि वक्त्या व्यासपीठावर बसलेल्या असताना "त्यांना मंचावर आमंत्रित करतो" कशाला? त्या तिथेच आहेत.

"पीएच.डी. धारण करतात" ह्यातलं धारण करणं महादेवाने गंगेला केलं तेवढं पुरे. पीएचडी करतात किंवा मिळवतात. तिचं "विद्यावाचस्पती" करू नका, कुणाला कळत नाही. उलट्या बाजूची ही चूक तितकीच मोठी आहे: इंग्रजीचा वास घालवायचा म्हणून "भूषवितात", "अलंकृत", "व्यासंगी विदुषी" अशी झालर लावणं. पदं मात्र बदलू नका. असोसिएट प्रोफेसर म्हणजे सहयोगी प्राध्यापक. सोपं करायला "प्राध्यापक" म्हणालात तर तुम्ही बढती दिलीत, आणि ते समोर बसलेल्या सहकाऱ्यांच्या लक्षात येतं.

आता हे सगळं धरून, फोन करून झाल्यावर:

"माण-खटाव म्हटलं की आपल्याला दुष्काळ आठवतो. त्याच भागातल्या अठरा गावांत आज गावकरी स्वतः पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती पडला, किती मुरला, आपण किती उपसलं. हा हिशेब त्यांना शिकवला आपल्या आजच्या वक्त्यांनी. त्यातून हजारेक एकर जमीन ओलिताखाली आली. मॅडमनी पवईच्या आयआयटीतून पीएचडी केली, आणि वीस वर्षांहून जास्त काळ त्या भूजलाचंच काम करतायत. सरकारच्या काही समित्यांवरही त्या आहेत. पण आज आपण त्यांना ऐकणार आहोत ते गावाच्या विहिरीबद्दल. डॉ. अमुक."

सत्तरच्या आसपास शब्द. मिनिटाला शंभर-एकशेवीस शब्दांच्या संथ गतीने वाचलं तरी पाऊण मिनिटात संपतं. नाव शेवटी ठेवलंय, कारण ते मागच्या फलकावर आधीच लिहिलेलं आहे, आणि टाळ्या नावावर पडतात. "त्या दुसऱ्यातिसऱ्या कुणी नसून" वगैरे नाटक नको. "एकाच दमात" दोन मुद्दे आलेत ते फक्त पीएचडीच्या वाक्यात. बाकी प्रत्येक वाक्यात एकच गोष्ट आहे.

लिहिताना "केलं, शिकवलं, उपसलं" असंच लिहा. "केले, शिकविले" लिहून माईकवर "केलं" म्हणू असं ठरवलं, तर निम्म्या ठिकाणी जीभ कागदाचं ऐकते आणि एकाच वाक्यात दोन भाषा होतात. अक्षर मोठं, सोळा-अठरा पॉइंटचं, आणि वाक्य पानाच्या शेवटी तुटू न देता.

मांजरी राहिल्या. इंग्रजी बायोडेटात ती ओळ वातावरण हलकं करायला असते. आपल्याकडे परिचयात नवऱ्याचं आणि मांजरांचं नाव एका दमात घेतलं की लोक हसतात, पण भलत्या कारणाने. ती ओळ मी गाळतो. बाईंना ती हवीच असेल तर त्या स्वतः सांगतील, आणि त्यांच्या तोंडून ती जास्त चांगली वाटेल.