डोहाळजेवणातली शुगर-फ्री बिस्किटं

१६८. काल संध्याकाळी चहानंतर तासाभराने ग्लुकोमीटरवर हा आकडा दिसला आणि माझं डोकंच फिरलं. तासानंतरची शुगर १४०च्या आत राहिली पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलंय. सातवा महिना आहे. पंधरा दिवस मी ती आत ठेवली होती. भात निम्मा केला, डोहाळजेवणाला समोर आलेली जिलबी नुसती बघितली, बोटांची टोकं टोचून टोचून दुखायला लागलीत. आणि एवढं करून शुगर कशानं चढली? शुगर-फ्री बिस्किटांनी!

डोहाळजेवणात मावससासूबाईंनी एक टोपली दिली. वर हिरवी जाळी, रिबीन, आत सगळं ‘हेल्दी’. गंगापूर रोडच्या एका दुकानात ती तयारच मिळते म्हणे, खास गरोदर बायकांसाठी. मावशींनी दुकानदाराला स्वतः सांगितलं होतं, "आमच्या सुनेला शुगर निघालीय, बघून द्या." त्याने बघून दिलं. मावशींवर माझा जरासुद्धा राग नाही, त्यांना त्यातलं काही वाचताच आलं नसतं. पुढच्या बाजूला डोळ्यांत भरेल एवढं ‘शुगर-फ्री’, आणि खरी माहिती मागे, घडीच्या आत, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत. कायद्यालाही इंग्रजी नाहीतर हिंदी चालतं, मराठी छापायची सक्ती नाही. घरात जिच्या हातात किराणा असतो, तिलाच वाचता येत नाही!

काल १६८ आल्यावर मोबाइलचा टॉर्च लावून तो पुडा मी पहिल्यांदा नीट वाचला. खाण्याआधी वाचायला हवा होता, हे मला कोणी सांगू नका, कळलंय. घटकपदार्थ जास्त वजनापासून कमी वजनाकडे लिहावे लागतात, म्हणून यादीतलं पहिलं नाव सगळ्यात महत्त्वाचं. इथे पहिलं नाव ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’. म्हणजे मैदा. सरळ मैदा. त्यानंतर पाम तेल. मग माल्टोडेक्स्ट्रिन, नावात साखर नाही, पण पोटात गेल्यावर त्याचं ग्लुकोजच होतं. आणि अगदी शेवटी गोडीसाठी ९५५, म्हणजे सुक्रालोज.

आता तक्ता बघा. १०० ग्रॅममध्ये साखर ०.४ ग्रॅम. अर्ध्या ग्रॅमच्या आत असली की ‘शुगर-फ्री’ लिहायला मोकळीक, म्हणजे नियमात चोख बसवलंय. पण त्याच्याच वरची ओळ? कार्बोहायड्रेट ७० ग्रॅम! मी सहा बिस्किटं खाल्ली. एक आठ ग्रॅमचं, म्हणजे ४८ ग्रॅम बिस्किटं, त्यात जवळजवळ ३४ ग्रॅम कार्बोहायड्रेट. एका लहान फुलक्यात पंधराच्या आसपास असतं. म्हणजे जेवणाच्या वेळी मी मोजून दोन फुलके खाते, आणि चहासोबत त्याहून जास्त नुसतं तोंडात टाकलं, तेही मैद्याचं, ना भाजी ना डाळ. १६८ येणार नाही तर काय येणार! शुगर सुक्रालोजने नाही चढवली, मैद्याने चढवली. ‘साखर’ ही ओळ बघून काही उपयोग नाही, एकूण कार्बोहायड्रेटची ओळ बघायची, आणि ती आपण किती खाल्लं त्याने गुणायची. त्या पुड्यावर ‘एक सर्व्हिंग’ म्हणजे दोन बिस्किटं. चहासोबत दोन बिस्किटांवर कोण थांबतं?

गोडीचं म्हणाल तर डॉक्टर म्हणाल्या, सुक्रालोज किंवा ॲस्पार्टेम अधूनमधून थोडं पोटात गेलं तर घाबरू नका. ज्या बाईला पीकेयू हा जन्मजात आजार आहे तिने मात्र ॲस्पार्टेम घ्यायचंच नाही. पाकिटावर ते ९५१ म्हणून दिसतं. ९५४ म्हणजे सॅकरिन, ते वारेतून बाळापर्यंत पोचतं, म्हणून ते मी घेतच नाही. हे आकडे मी आता पाठ केलेत. पाठ करावे लागले, कारण नावं लिहायची तर जागा नसते म्हणे. ‘हेल्दी’ लिहायला बरोबर जागा सापडते!

आणि या घरात काय चाललंय? सासऱ्यांचे स्नेही निफाडहून द्राक्षांची पेटी देऊन गेले. मी दहा मणी उचलले तर चौघं एकदम ओरडली, "अगं, साखर आहे त्यात!" दहा मण्यांत जेमतेम आठ-नऊ ग्रॅम कार्बोहायड्रेट. आणि त्याच चौघांनी बिस्किटांची बशी स्वतःहून माझ्यापुढे सरकवली, "घे, ही तुला चालतात." ३४ ग्रॅम!

टोपलीत नूडल्सही आहेत. ‘आटा’ नूडल्स, त्यावर पालकाचं पान. हे पाकीट मात्र उघडण्याआधी वाचलं. सोडियम १०० ग्रॅमला ११५० मिलिग्रॅम. पाकीट ७० ग्रॅमचं, म्हणजे एका वेळी सुमारे ८०० मिलिग्रॅम. अडीचने गुणलं की मीठ निघतं: दोन ग्रॅम. दिवसभरात सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत मीठ असावं म्हणतात, त्यातलं दोन ग्रॅम चार वाजताच्या खाण्यातच गेलं. मग रात्रीची आमटी, पापड, लोणचं? मसाल्याची पुडी अर्धीच टाकायची आणि भाज्या, अंडं घालायचं, एवढाच उपाय. कारण मीठ बहुतेक त्या पुडीतच असतं.

पण सगळ्यात संताप आला तो त्या दोन कॅनचा. एनर्जी ड्रिंक. गरोदर बाईच्या टोपलीत! चुलत दीर अंबडला नाइट शिफ्ट करतो, तो म्हणाला, "वहिनी, थकवा येतो ना तुम्हाला, घ्या की. मी रोज घेतो." मी कॅन फिरवून त्याच्या हातात दिला आणि वाचायला लावला. हाय कॅफीन. लहान मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांसाठी नाही. हे त्याच कॅनवर छापलंय, छापावंच लागतं. मग टोपलीत टाकणाऱ्याने काय बघून टाकलं? २५० मिलिलिटरच्या कॅनमध्ये ७५ मिलिग्रॅम कॅफीन. गरोदरपणात दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत राहा म्हणतात, आणि माझे दोन चहा त्यात आधीच आहेत. शिवाय या महिन्यांत कॅफीन अंगातून बाहेर पडायला एरवीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो आणि ते बाळापर्यंत जातं. वर कॅनमध्ये २७ ग्रॅम साखर. थकवा आला तर मी झोपेन, हिमोग्लोबिन तपासेन, कॅन कशाला फोडू? दीर गप्प बसला. मग हळूच म्हणाला, "मी पण मागची बाजू कधी वाचली नव्हती वहिनी."

आज चार वाजता मी दहा द्राक्षं मोजून खाल्ली, सोबत मूठभर शेंगदाणे. पाच वाजता ११४. तो आकडा सासूबाईंना दाखवला, मग बिस्किटांचा पुडा त्यांच्यासमोर ठेवून मराठीत वाचून दाखवला, ओळ न ओळ. त्या म्हणाल्या, "म्हणजे मैदाच खाऊ घातला होय तुला मी?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला त्या दुकानदाराचा पुन्हा नव्याने राग आला. उद्या सकाळी आम्ही दोघी जाणार आहोत त्याच्याकडे. पुड्यावर मैद्याच्या ओळीखाली मी लाल पेनाने रेघ मारून ठेवलीय, आणि दोन्ही कॅन पिशवीत घातलेत.