लोखंड कमी की ऑक्सिजन जास्त: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘तुमचा स्फटिकातल्या दोषांवरचा लेख वाचला. FeO मध्ये “ऑक्सिजन जास्त नसतो, लोखंड कमी असतं” असं तुम्ही ठासून लिहिलंय. Fe0.95O म्हणा नाहीतर FeO1.05 म्हणा, हा नुसता लिहायच्या पद्धतीचा फरक आहे, गणितात दोन्ही एकच. बारावीच्या मुलांना उगाच गोंधळात टाकू नका. सिलिकॉनचा भाग तर अगदी वरवरचा, डोपिंगने घनता किती बदलते तेही दिलेलं नाही. आकृत्या उचललेल्या वाटतात. प्रयोगशाळेचं तोंड तरी पाहिलंय का, की वाचून लिहिता? — एक जुना शिक्षक’

नमस्कार सर. ‘जुना शिक्षक’ म्हणून सही केलीत, म्हणून सर म्हणतोय; नाव लिहिलं असतंत तर नावाने बोललो असतो. वर्गातल्या मुलाने शंका विचारली तर आपण त्याला ‘कधी पुस्तकाचं तोंड पाहिलंयस का’ असं विचारत असाल, तर मग माझी काही तक्रार नाही. एक मान्य: लेख लांबला होता, आणि सिलिकॉनचा भाग दुसऱ्या लेखात टाकला असता तर बरं झालं असतं. आकृत्या मी हाताने काढल्या आहेत. त्या उचललेल्या वाटाव्यात इतक्या चांगल्या आल्या असतील तर आभार.

आता ‘गणितात दोन्ही एकच’. हे वाक्य मी दोनदा वाचलं, कारण शिक्षकाने लिहिलेलं वाटेना. गुणोत्तर एकच आहे, कबूल. ऑक्सिजन भागिले लोखंड दोन्हीकडे साधारण तेवढंच येतं. पण स्फटिक म्हणजे नुसतं गुणोत्तर नव्हे. त्याला ठरावीक मापाची युनिट सेल असते आणि तिच्यात ठरावीक जागा असतात. FeO ची रचना मिठासारखी, म्हणजे एका सेलमध्ये लोखंडाच्या चार आणि ऑक्सिजनच्या चार जागा. लोखंड-ऑक्सिजनचं प्रमाण बिघडवायचे दोन मार्ग आहेत. लोखंडाच्या काही जागा रिकाम्या ठेवा, ही झाली व्हेकन्सी. किंवा लोखंड पूर्ण ठेवून जादा ऑक्सिजन मधल्या फटींत कोंबा, हा इंटरस्टिशियल. पहिल्या मार्गाने सेल हलकी होते, दुसऱ्याने जड. गुणोत्तर तेच, वजन वेगळं. आणि वजन तराजूवर करता येतं, त्याला मत लागत नाही.

हे नुसतं बोलून सोडत नाही. १९३३ मध्ये जेट आणि फूट यांनी हेच केलं. वुस्टाइटचे, म्हणजे या ऑक्साइडचे, वेगवेगळ्या प्रमाणांचे नमुने घेतले, क्ष-किरणांनी सेलची बाजू मोजली आणि त्याच नमुन्यांची घनता स्वतंत्रपणे काढली. त्यातला एक नमुना घेऊ. ऑक्सिजनच्या एका अणूमागे लोखंडाचे ०.९४५ अणू, सेलची बाजू ४.३०१ अँगस्ट्रॉम. बाजूचा घन केला की आकारमान ७९.५६ घन अँगस्ट्रॉम. त्याला अॅव्होगॅड्रो संख्येने गुणून एकक सेंटिमीटरमध्ये आणलं की ४७.९ येतात; सेलमधल्या अणुभारांच्या बेरजेला याने भागलं की घनता.

लोखंडाच्या जागा रिकाम्या धरल्या तर सेलमध्ये ऑक्सिजन चार आणि लोखंड चार गुणिले ०.९४५. अणुभार ५५.८५ आणि १६ घेऊन बेरीज २७५.१, भागाकार ५.७४. जादा ऑक्सिजन फटीत धरला तर लोखंड पूर्ण चार, ऑक्सिजन चार भागिले ०.९४५, म्हणजे ४.२३. बेरीज २९१.१, भागाकार ६.०८. प्रत्यक्ष मोजलेली घनता ५.७२८ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. आता सांगा, कुठल्या बाजूला पडली? ‘लिहायच्या पद्धतीचा फरक’ असता तर दोन उत्तरांत सहा टक्क्यांचं अंतर पडलं नसतं.

आपण इथे एक खरा आक्षेप घेऊ शकला असता, तो घेतला नाहीत, म्हणून मीच घेतो. मोजलेली घनता कमी येण्याला हजार कारणं असतात. भुकटीत हवा अडकली, दाण्यांच्या पोटात बंद छिद्रं राहिली, तरी ती कमीच येते. मग ५.७२८ हा व्हेकन्सीचा पुरावा की आळशी मोजणीचा?

इथे प्रयोगशाळेच्या तोंडाचा विषय येतो. एम.एस्सी.नंतर काही वर्षं मी ऑक्साइडच्या भुकट्यांची घनता मोजण्याचंच काम करत होतो, पिक्नोमीटरने. छोटी काचेची बाटली, घासून बसवलेलं बूच, बुचातून आरपार केशनळी. भुकटीवर द्रव ओतला की लगेच वजन घ्यायचं नसतं. बाटली निर्वात डेसिकेटरमध्ये ठेवायची, पंप चालू झाला की भुकटीतून बारीक बुडबुड्यांची माळ निघते, ती थांबेपर्यंत ठेवायची. मग बूच बसवायचं, वर आलेला थेंब टिपायचा आणि बाटली उघड्या हाताने धरायची नाही. हाताच्या उबेने द्रव फुगतो आणि केशनळीतून आणखी एक थेंब बाहेर येतो. तो टिपलात की वजन चुकलं, आणि चुकलंय हे आकड्यावरून कळतही नाही. बंद छिद्रांसाठी भुकटी आधी बारीक दळायची. दळत गेल्यावर घनता वाढत राहिली तर समजायचं, आत अजून पोकळी आहे. ती स्थिरावली की थांबायचं. हे सगळं वाचून येत नाही सर.

तरीही समजा, एखाद्याने मोजणी गबाळी केली. मग एका नमुन्यावर भांडण्याऐवजी कल बघायचा. ऑक्सिजनचं प्रमाण वाढवत नेलं तर फटीत ऑक्सिजन कोंबण्याच्या हिशेबाने घनता चढत जायला हवी. जागा रिकाम्या होण्याच्या हिशेबाने ती उतरत जायला हवी. जेट-फूट यांच्या त्याच नमुन्यांत ०.९१० लोखंडाचा एक आहे, बाजू ४.२८२ अँगस्ट्रॉम. फटीचा हिशेब म्हणतो ६.२१, रिकाम्या जागांचा म्हणतो ५.६५. मोजलेली ५.६१३. म्हणजे ५.७२८ वरून खाली आली. बुडबुडे एखादा आकडा खाली ओढतील, पण नेमके ऑक्सिजन वाढेल तसेच आणि त्याच मापाने वाढत जायला त्यांना कोणी सांगितलंय? शिवाय सेलची बाजूही आकसली, ४.३०१ वरून ४.२८२. फटीत ऑक्सिजनचा जाडजूड आयन कोंबल्यावर जाळी आकसत नसते.

जागा रिकाम्या पडल्या म्हणजे विद्युतभाराचा हिशेब कोण भरतो, हेही लेखात होतं, आपण त्यावर काही बोललाच नाहीत. लोखंडाचा एक द्विभारित आयन गेला की उरलेल्यांपैकी दोघांना त्रिभारित व्हावं लागतं. ०.९४५ च्या नमुन्यात एका ऑक्सिजनमागे ०.११ त्रिभारित आणि ०.८३५ द्विभारित. ०.३३ अधिक १.६७, बरोबर दोन. इलेक्ट्रॉन द्विभारिताकडून शेजारच्या त्रिभारिताकडे उडी मारतो, म्हणून हे ऑक्साइड पी-प्रकारच्या अर्धवाहकासारखं वागतं. जादा ऑक्सिजन फटीत मानला तरी भाराचा हिशेब जुळतो, म्हणून भाराने निर्णय होत नाही, घनतेने होतो. लेखात घनतेवर एवढं का अडून बसलो होतो, ते यासाठी.

घनतेचीही एक मर्यादा आहे. ती फक्त निव्वळ उणीव सांगते. लोखंडाच्या पाच जागा रिकाम्या आहेत, की सहा रिकाम्या असून एक लोखंड फटीत जाऊन बसलंय, हे तराजूला कळत नाही. रॉथ यांनी १९६० मध्ये न्यूट्रॉन वापरून दाखवलं की वुस्टाइटमध्ये दुसरा प्रकार खराच आहे: काही त्रिभारित लोखंड छोट्या चौफलकी फटींत जातं आणि त्याच्याभोवती रिकाम्या जागांचा घोळका जमतो. पण फटीत सापडलं ते लोखंड सर, ऑक्सिजन नव्हे. आपली FeO1.05 तिथेही सुटत नाही.

बारावीच्या मुलांचं म्हणाल, तर शॉटकी दोषाने घनता कमी होते आणि फ्रेंकेलने होत नाही, हे त्यांना पाठच असतं. फ्रेंकेलमध्ये आयन आपली जागा सोडून फटीत जातो, स्फटिकातून बाहेर जात नाही. एवढं कळणाऱ्या मुलाला वरचा भागाकार झेपतो. गोंधळ भागाकाराने होत नाही, ‘दोन्ही एकच’ ऐकल्याने होतो.

राहिला सिलिकॉन. डोपिंगने, म्हणजे परके अणू मिसळल्याने, घनता किती बदलते? मोजण्याजोगी बदलत नाही, म्हणून दिली नव्हती. हवी असेल तर घ्या. सिलिकॉनच्या एका घन सेंटिमीटरमध्ये ५ × १०²² अणू असतात. १०¹⁵ फॉस्फरस टाकले तर पाच कोटी अणूंत एक. फॉस्फरस सिलिकॉनच्या जागेवरच बसतो, फटीत नाही. त्याचा अणुभार ३१, सिलिकॉनचा २८, म्हणजे फरक दहा टक्के. पाच कोटींत एकाचा दहा टक्के, म्हणजे घनतेत एक अब्जात दोन भागांचा बदल. वरच्या बाटलीने हे पकडून दाखवलंत तर मी लिहिणं सोडतो. तेवढ्याच फॉस्फरसने रोधकता मात्र दोन लाख ओहम-सेंटिमीटरच्या वरून पाचच्या आसपास येते.

जागेचा प्रश्न तिथेही आहे, फक्त तो तराजूने सोडवत नाहीत. आयनांचा मारा करून बोरॉन आत घातला की बरेच अणू जागेवर बसलेले नसतात आणि जाळी मोडलेली असते. तेव्हा चार टोकांच्या प्रोबने पृष्ठरोध मोजला तर तो बराच जास्त येतो. हजार अंशांच्या आसपास तापवल्यावर बोरॉन सिलिकॉनच्या जागा पकडतो आणि रोध कोसळतो. घातलेले अणू तेवढेच, कामाला लागलेले वेगळे. आणि ‘फटीतला कधीच कामाचा नाही’ असा नियमही करू नका: लिथियम सिलिकॉनच्या फटीत बसूनच इलेक्ट्रॉन देतो.

त्याच १९३३ च्या नमुन्यांतला आणखी एक देतो: लोखंड ०.९३०, बाजू ४.२९२ अँगस्ट्रॉम, मोजलेली घनता ५.६५८. दोन्ही हिशेब करून उत्तरं खाली टाका. फटीचं ६.१४ च्या जवळ आणि रिकाम्या जागांचं ५.७१ च्या जवळ आलं नाही, तर सेलमधले अणू पुन्हा मोजा. यापुढच्या प्रतिक्रियेत आकडे असतील तर उत्तर देईन, नुसते टोमणे असतील तर नाही.