व्हिटॅमिनचा तक्ता "अंदाजाने" भरणाऱ्यांसाठी

"अर्धवट भरलेला व्हिटॅमिनचा तक्ता पूर्ण करणं एकदम सोपं आहे. एकक सगळीकडे मिलिग्रॅम, गरजेचा आकडा कुठूनही उचला सगळीकडे सारखाच असतो, आणि स्रोताच्या चौकोनात हिरव्या भाज्या आणि फळं लिहिलं की झालं."

मिलिग्रॅमचं आधी बघू कारण सगळ्यात मोठा घोळ तिथेच होतो. समजा डी च्या ओळीत आकडा १५ छापलेला आहे आणि एककाची जागा रिकामी आहे. तिथे मिलिग्रॅम लिहिलंत की गरज थेट हजारपट झाली, कारण ते १५ मायक्रोग्रॅम असतात म्हणजे ६०० आययू, म्हणजेच आंतरराष्ट्रीय एककं (१ मायक्रोग्रॅम डी म्हणजे ४० आययू), आणि १५ मिलिग्रॅम म्हणजे ६ लाख आययू! आता रोज एवढं कोण घेईल सांगा. सी आणि ई मिलिग्रॅममध्ये असतात, पण ए, डी, के, बी१२ आणि फोलेट मायक्रोग्रॅममध्ये.

आकडा कुठूनही उचला हे तर अजिबातच नको. प्रौढ पुरुषासाठी सी अमेरिकेच्या शिफारशीत ९० मिग्रॅ आहे, युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेकडे, ईएफएसएकडे, ११०. बी१२ तसंच, अमेरिकेत २.४ मायक्रोग्रॅम तर युरोपात ४. म्हणून रिकाम्या चौकोनाकडे बघत बसण्याऐवजी भरलेले चौकोन आधी वाचा, उत्तर बऱ्याचदा तिथेच असतं. समजा सी समोर ९० आहे आणि बी१२ समोर काहीच नाही, तर तक्ता बहुधा अमेरिकन आकड्यांवरचा आणि पुरुषांचा आहे, कारण बायकांसाठी तिथे ७५ असतं. मग बी१२ ला २.४ च येणार. ए ला ९००, आणि के ला १२०. एका ओळीवर मात्र विसंबू नका, अजून एखादा भरलेला आकडा त्याच यादीशी जुळतोय का बघा, नाही जुळला तर तक्ता आधीच दोन ठिकाणांहून जोडलेला आहे आणि मग तुम्ही काय भरणार कप्पाळ.

आता भाज्या-फळं. सी, के, फोलेटला चालेल. बी१२ ला नाही, ते बॅक्टेरिया बनवतात, वनस्पती नाही, म्हणून तिथे मासे, अंडी, दूध, लिव्हर किंवा फोर्टिफाइड पदार्थ लिहायचे. (स्पिरुलिना लिहिणाऱ्यांनो, त्यात जे असतं ते बहुतांशी आपल्या शरीराला न वापरता येणारं रूप आहे.) डी ला तेलकट मासे, अंड्याचा पिवळा बलक, फोर्टिफाइड दूध, आणि ऊन हा खाण्याचा पदार्थ नाही, त्यामुळे ते टाकायचंच असेल तर शेऱ्यात टाका.

ए ला गाजर लिहिलंत तर बरोबरच आहे पण गाजरात बीटा कॅरोटीन असतं, तयार ए नाही. अन्नातल्या १२ मायक्रोग्रॅम बीटा कॅरोटीनमागे १ मायक्रोग्रॅम ए धरतात, म्हणजे ९०० बीटा कॅरोटीन खाऊन हिशोबात ७५ च जमा होतात, आणि म्हणून त्या ९०० च्या पुढे आरएई, म्हणजे आकडा तयार ए च्या हिशोबातला आहे ही खूण, लिहायला विसरू नका.