ताबा उशिरा मिळावा यासाठी काय करावे

पुण्यात फ्लॅट बुक करणाऱ्या माणसाने करारनामा वाचू नये. नव्वद-शंभर पानांचा तो गठ्ठा वाचण्यासाठी नसतोच, प्रत्येक पानावर सही करण्यासाठी असतो. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आपला नंबर लागला, अंगठा मशीनवर टेकला, फोटो निघाला, की आपलं काम संपलं. बिल्डरचा वकील शेजारी उभा राहून "सर, सगळं स्टँडर्ड आहे" असं म्हणतो. त्याच्यावर विश्वास ठेवा. स्टँडर्ड आहे यात शंका नाही, फक्त कुणाचं ते विचारू नका.

तरी नजर गेलीच तर ताब्याच्या कलमावर थांबू नका. तिथे एक तारीख असते आणि तिच्या मागे तीन-चार ओळींची शेपटी. समजा, वाकडला तुम्ही ८० लाखांचा, ७०० चौरस फूट चटई क्षेत्राचा फ्लॅट घेतलाय आणि ताब्याची तारीख ३१ डिसेंबर २०२३ अशी छापली आहे. शेपटीत लिहिलेलं असतं: 'अधिक सहा महिन्यांचा सवलतीचा काळ, तसेच महारेराकडून प्रकल्पास वेळोवेळी मिळणारी मुदतवाढ खरेदीदारास मान्य आहे.' हे वाक्य फार सोयीचं आहे. महारेरा म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण. त्याच्या संकेतस्थळावर प्रकल्प पूर्ण होण्याची जी तारीख दिसते, ती बिल्डरने सरकारला दिलेली असते. तुम्हाला दिलेली तारीख करारनाम्यात असते. पहिली वाढली म्हणून दुसरी आपोआप वाढत नाही. रेरा कायद्याचं कलम १८ करारातल्या तारखेकडे बोट दाखवतं, आणि नीलकमल रिअल्टर्सच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये विलंबाचं दायित्व त्याच तारखेपासून मोजलं. म्हणूनच तर ती शेपटी जोडतात. सही करण्याआधी ती खोडायला सांगणारे लोक चिकट असतात. तुम्ही दिलदार राहा.

शेपटीच्या पुढे 'नियंत्रणाबाहेरील कारणे' येतात. सिमेंटची टंचाई, वाळूची टंचाई, कामगार गावी जाणं, पाऊस, आचारसंहिता, बाजारातली मंदी. पुण्यात दरवर्षी जूनमध्ये पाऊस पडतो ही गोष्ट बिल्डरला आधी कळायला काही मार्ग नाही, हे आपण समजून घेतलं पाहिजे. कायद्याच्या कलम ६ मध्ये मात्र फक्त युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप अशी किंवा निसर्गाने ओढवलेली दुसरी आपत्ती मोजतात. कायदा करणाऱ्यांनी बहुधा साइटवर काम केलेलं नसावं.

आता मुख्य गोष्ट, नुकसानभरपाई. करारात लिहिलेलं असतं की ताब्याला उशीर झाल्यास बिल्डर दरमहा चौरस फुटाला ५ रुपये देईल. ७०० चौरस फुटांचे झाले ३,५०० रुपये. वाकडला तेवढ्यात भाड्याने घर मिळणार नाही, पण पार्किंगची जागा मिळेल, आणि तुमच्या गाडीला तरी ताबा मिळाला हे काय कमी आहे? त्याच पानावर, दोन परिच्छेद खाली, तुमच्या उशिराचा दर लिहिलेला असतो: वार्षिक १८ टक्के. तुमचा ८ लाखांचा हप्ता एक महिना लांबला तर १२,००० रुपये. म्हणजे तुम्ही एका हप्त्यात चुकलात तर १२,००० आणि त्याने अख्खा फ्लॅट लांबवला तर ३,५००. उशीर करणं बिल्डरला तुमच्यापेक्षा स्वस्त पडतं, एवढंच.

काही खवचट लोक इथे रेराचं कलम २ काढतात. त्यात म्हटलंय की चुकलेल्या खरेदीदाराकडून जो व्याजदर घ्यायचा, तोच चुकलेल्या बिल्डरने द्यायचा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या नियमांत तो दर ठरवून दिलेला आहे: स्टेट बँकेचा सर्वात जास्त एमसीएलआर, म्हणजे बँकेचा कर्जासाठीचा पायाभूत व्याजदर, अधिक २ टक्के. हा दर बदलत असतो, हिशेबासाठी ११ धरू. तुम्ही ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत ७२ लाख भरलेत आणि ताबा ३० जून २०२५ ला मिळाला, म्हणजे अठरा महिने उशीर. ७२ लाखांवर ११ टक्क्यांनी महिन्याला ६६,००० रुपये होतात, अठरा महिन्यांचे ११ लाख ८८ हजार. करारातल्या ५ रुपयांनी ६३,००० होतात, आणि सवलतीचे सहा महिने वजा केले की ४२,०००. आकडे मी फक्त करमणुकीसाठी दिले आहेत, ते बिल्डरच्या ऑफिसात मोठ्याने वाचू नका. तिथे एसी असतो, आवाज घुमतो.

आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पायोनियर अर्बन लँडच्या खटल्यात असले एकतर्फी करार म्हणजे अनुचित व्यापारी प्रथा आहेत, बांधकाम व्यावसायिक ते ग्राहकावर लादू शकत नाही, असं म्हटलंय, हे तर विसरूनच जा. न्यायालयाने म्हटलं म्हणून काय झालं, वकीलसाहेब "स्टँडर्ड" म्हणाले होते ना.

या सगळ्यातून तुमचा हक्क चुकून शिल्लक राहिलाच, तर तो संपवण्याचा हमखास मार्ग म्हणजे 'फिट-आउट पझेशन'. बिल्डरकडून एक दिवस प्रेमाने फोन येतो: "सर, भोगवटा पत्राचं काम महापालिकेत अंतिम टप्प्यात आहे, पण तुम्ही फर्निचरचं काम सुरू करा, किल्ल्या घेऊन जा." भोगवटा पत्र म्हणजे इमारत राहायला वापरता येईल असा महापालिकेचा दाखला. तो नसला तरी बारशाला मिळावा तसा नारळ आणि मिठाईचा बॉक्स मिळतो. सोबत एक कागद असतो. त्यातला मजकूर साधारण असा:

'मी/आम्ही खाली सही करणार, सदर सदनिकेचा ताबा आज रोजी स्वखुशीने स्वीकारला असून, ताब्यास झालेल्या विलंबाबाबत, क्षेत्रफळाबाबत अथवा कामाच्या दर्जाबाबत आमची प्रवर्तकाविरुद्ध कोणतीही तक्रार वा मागणी नाही व भविष्यात राहणार नाही.'

सही करा. पेन ते देतातच. भोगवटा पत्राशिवायचा ताबा कायद्याच्या लेखी ताबा नव्हे, विलंबाचं व्याज ते पत्र येऊन रीतसर ताबा देऊ केला जाईपर्यंत चालू राहतं, असा दावा तुम्हाला उद्या करायचा असेल, तर हा कागद बिल्डरच्या फायलीत पहिल्या पानावर लागतो. सगळ्यांनी सही केली म्हणून तुम्हीही करा. तुमच्या मजल्यावरच्या एका तिरसट काकांनी त्यातलं 'तक्रार नाही' हे वाक्य खोडून बाजूला 'विलंबाच्या व्याजाचा हक्क राखून' असं लिहिलं असेल, त्यांची झेरॉक्स मागू नका. त्याच संध्याकाळी ते काका तोच मजकूर ईमेलनेही पाठवतात. अशा माणसांना सोसायटीच्या गणपतीत कुणी बोलवत नाही.

काहींचा धीर यापेक्षा आधी सुटतो आणि त्यांना फ्लॅटच नको होतो. त्यांच्यासाठी रद्दीकरणाचं कलम आहे, आणि खरी कला तिथेच आहे. करारात दोन वेगळ्या गोष्टी असतात: तुम्ही आपल्या मर्जीने बाहेर पडणं आणि बिल्डरची तारीख चुकल्यामुळे बाहेर पडणं. पहिल्या प्रकारात एकूण किमतीच्या १० टक्के कापायचे, दलाली कापायची, आणि उरलेले पैसे बिनव्याजी, फ्लॅट दुसऱ्याला विकला गेल्यावर द्यायचे असं लिहिलेलं असतं. दुसऱ्या प्रकारात कलम १८ प्रमाणे भरलेली सगळी रक्कम, प्रत्येक हप्ता ज्या दिवशी दिला त्या दिवसापासूनच्या व्याजासह, परत करावी लागते. न्यूटेक प्रमोटर्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हा हक्क बिनशर्त असल्याचं सांगितलं.

आता तुमच्या वाकडच्या फ्लॅटचं उदाहरण घ्या. पहिल्या प्रकारात ८० लाखांचे १० टक्के, म्हणजे ८ लाख जातात, व्याज शून्य. दुसऱ्या प्रकारात ७२ लाख पूर्ण परत, आणि तुमचे पैसे सरासरी अडीच वर्षं बिल्डरकडे होते असं धरलं तर ११ टक्क्यांनी १९ लाख ८० हजार व्याज. दोन्हींत फरक सुमारे पावणेअठ्ठावीस लाखांचा. आणि तो ठरतो कशावर? तुमच्या एका अर्जावर. ऑफिसातली ताई छापील फॉर्म पुढे करते, त्यात 'रद्द करण्याचे कारण' या रकान्यात 'वैयक्तिक अडचण' आधीच टाइप केलेलं असतं. "फक्त फॉर्मॅलिटी आहे सर, लवकर प्रोसेस होतं." तुम्हाला लवकर हवंय ना, मग करा सही. 'दिनांक ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत ताबा न मिळाल्यामुळे कलम १८ खाली करारातून बाहेर पडत आहे' असं स्वतःच्या हाताने लिहिणं म्हणजे उगीच कटुता. घर नाही मिळालं, संबंध तरी टिकावेत.

पुढची पायरी रद्दलेखाची. नोंदणीकृत करार रद्द करायला रद्दलेखही नोंदवावा लागतो. तो आधी नोंदवून द्या, पैसे पुढच्या तारखांच्या धनादेशांनी सवडीने घ्या. रद्दलेख झाला की फ्लॅट पुन्हा विकायला मोकळा होतो, आणि तुमच्याकडे फ्लॅट नसतो, पैसेही नसतात, फक्त धनादेश असतात. सुटसुटीत आयुष्य म्हणतात ते हेच. पैसे खात्यात जमा झाल्याचा मेसेज आल्याशिवाय निबंधकासमोर बसणार नाही म्हणणारे लोक नकारात्मक विचारांचे असतात. (करारापूर्वीच, वाटपपत्राच्या टप्प्यावर, माघार घेणाऱ्यांचं बरं असतं. महारेराच्या नमुन्यात पंधरा दिवसांत काही कापत नाहीत आणि साठ दिवसांनंतरही किमतीच्या २ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. म्हणून बिल्डरला करार नोंदवायची घाई असते, आणि तुम्हालाही दसऱ्याच्या मुहूर्ताची.)

एवढं सगळं टाळूनही तुम्ही महारेराकडे ५,००० रुपये भरून तक्रार केलीत आणि आदेश तुमच्या बाजूने लागला, तर तिथेच थांबा. आदेशाची प्रत फ्रेम करून भिंतीला लावा, भिंत भाड्याच्या घरातली असली तरी चालेल. कारण बिल्डरने पैसे दिले नाहीत, तर पुन्हा अर्ज करून वसुलीचं वॉरंट काढावं लागतं. ते जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, तिथून तहसील कार्यालयात, आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते, म्हणजे बिल्डरची मालमत्ता जप्त होऊ शकते. पण जप्त काय करायचं, हे तहसीलदाराला कुणीतरी सांगावं लागतं. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर विकलेल्या आणि न विकलेल्या सदनिकांची माहिती बिल्डरनेच भरलेली असते. त्यातले न विकलेले फ्लॅट एका कागदावर उतरवून, सात-बारा किंवा मिळकत पत्रिकेच्या उताऱ्यासह, तहसील कार्यालयाच्या आवक विभागात देऊन पोच घेण्याचा उद्योग करू नका. तो शिक्का फार ठळक उमटतो.