‘काडीचाही संबंध नाही’ म्हणणाऱ्या वाचकाला

*प्रतिक्रिया:* सर, ‘शरीराच्या उष्णतेने स्टेंट उमलतो’ हे तुमचं वाक्य वाचून हसू आलं. नायटिनॉलचा स्टेंट उघडतो तो म्यान मागे ओढल्यावर, तापमानाचा त्यात काडीचाही संबंध नाही. ‘निकेल ५५.९ टक्के अणू’ हेही चूक. ॲक्च्युएटरची तर दोन ओळींत बोळवण केलीत. आमच्याकडे पोरांनी १० सेंटिमीटर तार ९ व्होल्टच्या अडॅप्टरला जोडली. एकदा ओढली गेली, मग गपगार. ते का, हे लिहिलं असतं तर कामाला आलं असतं. नेट चाळून धातुशास्त्र येत नाही. – एक वाचक, लातूर

*उत्तर:*

नमस्कार. नाव लिहिलं असतं तर नावाने बोललो असतो. असो. बाकी वाचकांसाठी एवढंच: नायटिनॉल म्हणजे बसवलेला आकार लक्षात ठेवणारा निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू, स्टेंट म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी, म्यान म्हणजे ती दाबून आत नेणारी बारीक नळी, आणि ॲक्च्युएटर म्हणजे इथे विजेने तापून आखडणारी, ओढकाम करणारी तार.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. ५५.९ टक्के हे वजनाने आहे. निकेलचा अणू टायटॅनियमच्या अणूपेक्षा जड, त्यामुळे अणू मोजले की तेच निकेल साधारण ५०.८ टक्के भरतं. टंकताना ‘वजनी’च्या जागी ‘अणू’ पडलं, लेखात दुरुस्त केलंय. आभार. एवढ्याशा चुकीवर हसायचं असेल तर खुशाल हसा.

आता ‘काडीचाही संबंध नाही’. चूक दाखवायला हरकत नव्हती, पण हे चूक दाखवणं नव्हे, पारावर बसून निकाल देणं आहे. बावीस वर्षं मी हा विषय शिकवतोय, तेव्हा ‘नेट चाळून’ हा टोला दुसऱ्या कुणासाठी ठेवा. माझं वाक्य पुन्हा वाचा. मी ‘उष्णतेने’ लिहिलं. ‘उष्णता लागताक्षणी’ असं लिहिलेलं नाही. म्यान ओढायच्या आधी स्टेंट का उघडत नाही, हे मलाही कळतं.

तुमच्या बाजूने होईल तेवढं मी स्वतःच मांडतो, म्हणजे पळवाट काढली असं व्हायला नको. मांडीच्या धमनीत घालायचा ८ मिलिमीटरचा स्टेंट घ्या. नळीवर लेसरने जाळी कापतात, ती टप्प्याटप्प्याने जाड होत जाणाऱ्या दांड्यांवर चढवतात आणि दर टप्प्याला ५०० अंशांच्या आसपास काही मिनिटं तापवून पाण्यात विझवतात. अशाने ८ मिलिमीटर हा आकार धातूत ‘बसतो’. मग ती जाळी गार करून दाबतात आणि जेमतेम २ मिलिमीटरच्या म्यानात सरकवतात. गार का? थंडीत हा धातू मार्टेन्साइट, म्हणजे मऊ, सहज वाकणाऱ्या रचनेत असतो. त्याच्या स्फटिकात एकमेकांची आरशातली प्रतिमा वाटावी अशा जुळ्या पट्ट्या असतात. दाब दिला की एक पट्टी दुसरीला गिळून वाढते. अणू शेजार सोडत नाहीत, सगळे मिळून तसूभर सरकतात. त्यामुळे दाबायला जोर कमी लागतो आणि कायमचा बाक येत नाही.

म्यानात गेल्यावर तो खोलीच्या, मग शरीराच्या तापमानाला येतो. आता त्याला ऑस्टेनाइट, म्हणजे उबेतली ताठ रचना, व्हायचं असतं, म्हणजेच बसवलेल्या आकारात परतायचं असतं, पण म्यान सोडत नाही. दाबामुळेच तो मार्टेन्साइट म्हणून टिकून राहतो. म्यान मागे आलं, दाब गेला, की तो परततो आणि जाळी पसरते. हीच ती अतिलवचिकता. स्टीलची तार अर्ध्या टक्क्याच्या आसपास ताणली की पुरती परत येत नाही. ही ६ ते ८ टक्के ताण सोसून परत येते.

म्हणजे खटका म्यानाचाच. इथवर तुम्ही बरोबर. (हे मी आधीही नाकारलं नव्हतं.)

पण परत यायची ओढ कुठून येते? ती तापमानातूनच येते, आणि तुमचं ‘काडीचाही’ इथेच मोडतं. प्रत्येक नायटिनॉलला एक तापमान असतं, ज्याच्या वर तो पूर्ण ऑस्टेनाइट होतो. आम्ही त्याला ए-एफ म्हणतो. स्टेंटचा ए-एफ ३७ च्या खाली ठेवतात, बहुधा विशीत. प्रत्यक्ष तापमान ए-एफच्या जितकं वर, तितका मार्टेन्साइट नकोसा, आणि तो टिकवायला तितका जास्त दाब हवा. ढोबळ हिशेब दर अंशाला ६ ते ७ मेगापास्कलचा. दोन स्टेंट घ्या, घडण तीच, एकाचा ए-एफ २५, दुसऱ्याचा १०. शरीरात पहिला आपल्या ए-एफच्या १२ अंश वर, दुसरा २७ अंश वर. फरक १५ अंशांचा, म्हणजे जवळपास १०० मेगापास्कलचा. दुसरा धमनीच्या भिंतीला उगाच जास्त रेटत राहील. आणि भट्टीत गडबड होऊन तिसऱ्याचा ए-एफ ४५ झाला तर? म्यान अगदी तुमच्या म्हणण्याप्रमाणे मागे ओढा. तो अर्धामुर्धा उघडेल आणि ओल्या वातीसारखा पडून राहील, कारण ३७ अंशाला त्याला परतायची घाईच नाही. म्यान तेच, हातही तोच. बदललं फक्त तापमानाचं गणित.

ही गडबड सहज होते. निकेल ०.१ टक्का अणूंनी वाढलं तर ए-एफ सुमारे १० अंशांनी उतरतो. उलट ४५० ते ५०० अंशांत जास्त वेळ राहिलं तर निकेल जास्त असलेले बारीक कण वेगळे पडतात, उरलेल्या धातूत निकेल कमी होतं आणि ए-एफ चढतो. काही मिनिटांचा फरकसुद्धा दिसतो.

तो मोजतात कसा, तेही सांगतो, नाहीतर पुन्हा ‘नेट चाळून’. ०.५ मिलिमीटरची तार अल्कोहोल आणि सुक्या बर्फात उणे ५५ च्या खाली गार करायची आणि २० मिलिमीटरच्या दांडीभोवती वाकवायची. पृष्ठावर सुमारे २.४ टक्के ताण येतो. मग द्राव ढवळत हळूहळू तापवायचा आणि तार किती सरळ झाली ते तापमानाशेजारी लिहीत जायचं. आलेख आधी सपाट राहतो, मग झपकन चढतो, पुन्हा सपाट होतो. वरच्या वळणाला स्पर्शरेषा मिळतात तो ए-एफ. घाई केली तर द्राव पुढे पळतो, तार मागे राहते आणि आकडा खऱ्यापेक्षा वर येतो. आलेखात दोन पायऱ्या दिसल्या तर घाबरू नका, मार्टेन्साइट आणि ऑस्टेनाइट यांच्या मधली आर-फेज नावाची रचना आहे ती.

प्रयोगशाळा नसेल तर दाताच्या तारा लावणाऱ्या डॉक्टरांकडे ‘कॉपर नायटाय, ३५ अंश’ म्हणून तार मिळते, तिचा एक तुकडा मागा. मे महिन्यात लातूरला दुपारी सावलीतही ४० च्या वर असतं. तेव्हा ती वाकवून सोडा, टुणकन सरळ होईल. मग तास-दोन तास फ्रिजमध्ये ठेवा आणि चिमट्याने आतल्या आतच वाकवा, बोटांची ऊब लागू देऊ नका. वाकलेलीच राहील. बाहेर ओट्यावर ठेवली की डोळ्यांदेखत उलगडेल. इथे म्यान कुठे आहे, ते मला कळवा.

तोच उन्हाळा स्टेंटलाही छळतो. वाळूजच्या एखाद्या पत्र्याच्या गोदामात ४३ अंशांत खोका पडून राहिला, तर २३ अंशांच्या एसी खोलीपेक्षा आतली जाळी म्यानाला सुमारे १३० मेगापास्कल जास्त ताणाने रेटते. प्लॅस्टिकचं म्यान त्याच वेळी मऊ झालेलं असतं. जाळीच्या काड्या त्यात रुततात, ओढायला जोर जास्त लागतो, आणि मग स्टेंट सरळ सुटण्याऐवजी हिसक्याने उडी मारतो. खोक्यावरची तापमानाची मर्यादा शोभेला छापलेली नसते.

इतिहास हवाच असेल तर १९८३ साली डॉटर आणि क्रॅग या दोन रेडिओलॉजिस्टांनी कुत्र्यांच्या धमन्यांत नायटिनॉलची वेटोळी बसवल्याचं वेगवेगळं प्रसिद्ध केलं, तेव्हा कल्पना उष्णतेचीच होती. क्रॅगने तार बर्फाच्या पाण्यात सरळ करून आत नेली, ती शरीराच्या उबेने गुंडाळली. डॉटरने आत गेल्यावर गरम सलाइन दिलं. माझं ‘हसू आणणारं’ वाक्य त्या घराण्यातलं आहे.

एक गोष्ट लेखात राहिली होती. ८ चा स्टेंट साडेसहाच्या धमनीत बसतो, म्हणजे तो पूर्ण उघडतच नाही. दाब आणि आकार यांच्या आलेखावर या धातूची दाबताना वाट वरची असते, परतताना खालची. आत बसलेला स्टेंट परतीच्या वाटेवर थांबलेला असतो, म्हणून भिंतीला बेताने रेटतो, आणि धमनी थोडी रुंदावली तरी हा रेटा फारसा बदलत नाही. पण बाहेरून मांडी दाबली गेली तर त्याला वरच्या वाटेकडे जावं लागतं आणि तो एकदम ताठ होतो. आत मवाळ, बाहेरच्याला कडक. तापमान बदललं की दोन्ही वाटा एकदम वरखाली होतात. हेही तुमच्या ‘काडीचाही’त जमा करा.

राहिला ॲक्च्युएटर. तो लेखाचा विषयच नव्हता, म्हणून दोन ओळी होत्या, आताही थोडक्यातच. तुमची तार ०.१५ मिलिमीटरची असावी. तिचा रोध मीटरला सुमारे ५५ ओहम, १० सेंटिमीटरला साडेपाच. ९ व्होल्टला १.६ अँपिअर होतात. तिला लागतात ०.४, म्हणजे सव्वादोन व्होल्ट पुरे होते. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, तेव्हा चौपट करंटला सोळापट. एवढ्यात बसवलेली आठवणच पुसली जाते. पण जळाली असं लगेच धरू नका. तार आपण होऊन लांबत नाही, गार झाल्यावर तिला परत ताणायला स्प्रिंग किंवा वजन लागतं, आणि ते पोरांनी लावलं होतं का हे तुम्ही लिहिलेलं नाही. गार तार हाताने ३ टक्के, म्हणजे ३ मिलिमीटर ताणा आणि सव्वादोन व्होल्ट द्या. आखडली तर फक्त स्प्रिंग विसरली होती. नाही आखडली तर तार गेली, नवी घ्या आणि पुढच्या वेळी करंट मर्यादित करणारा सप्लाय वापरा.